आयईएलटीएस लिसनिंग पार्ट ३ : तिघं बोलतात, कोणाचं मत कोणतं हेच हातातून निसटतं

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचाच, मेकॅनिकल झालंय, चिंचोळी एमआयडीसीत दोन वर्षं काम करून आता बाहेर मास्टर्सची तयारी करालोय. युनिव्हर्सिटीला लिसनिंगमध्ये ७ पाहिजेत, मागच्या परीक्षेत ६.५ आले. घरी सहा मॉक टेस्ट दिल्या तर पार्ट १, २ मध्ये जास्तीत जास्त एखादं चुकतं, पार्ट ४ चं लेक्चरसुद्धा बरं जातं, पण पार्ट ३ आला की दहापैकी चार नाहीतर पाच. म्हणजे ते २१ ते ३० नंबरचे प्रश्न, ज्यात दोन विद्यार्थी आणि कधीकधी त्यांचे सर एखाद्या प्रोजेक्टवर बोलत असतात आणि आपल्याला सांगायचं असतं की अमुक मत कोणाचं.

माझा प्रॉब्लेम शब्द न कळण्याचा नाही. नंतर ट्रान्स्क्रिप्ट वाचतो तेव्हा एकूण एक शब्द येतो मला. पण ऐकताना वाक्य डोक्यात राहतं आणि ते बोललं कोण हे जातं.

काल क्लासच्या सरावातला एक सेट सोडवला. रीना आणि मार्क नावाचे दोन विद्यार्थी आणि त्यांच्या मॅडम, विषय हॉस्टेलच्या मेसमध्ये किती अन्न वाया जातं याचा सर्व्हे. समोर पाच विधानं, प्रत्येकापुढे लिहायचं ए म्हणजे रीना, बी म्हणजे मार्क, सी म्हणजे दोघंही. मॅडमचं मत विचारलेलंच नाही. पाचपैकी तीन चुकले, ते खाली ऐकलं तसं लिहितो.

विधान २१, फॉर्म भरायला फार वेळ लागत होता.
मार्क : "टु बी ऑनेस्ट, आय वॉज वरीड द क्वेश्चनेअर वॉज टू लाँग, बट पीपल फिल्ड इट इन हॅपिली इनफ."
रीना : "डिड दे? हाफ ऑफ माइन स्टॉप्ड ॲट पेज टू. आय'ड कट इट."
मार्क : "ओके, वेल, दॅट वॉजंट माय एक्स्पीरियन्स."
मी बी लिहिलं. उत्तर ए.

विधान २२, मुलाखती हा सगळ्यात उपयोगी भाग होता.
रीना : "माय फ्लॅटमेट कीप्स सेइंग इंटरव्ह्यूज आर अ वेस्ट ऑफ टाइम."
मार्क : "रियली? आय'ड से दे वेअर द बेस्ट पार्ट."
रीना : "ओह, सो वुड आय."
मी बी लिहिलं. उत्तर सी.

विधान २३, रिपोर्टमध्ये फोटो टाकावेत.
रीना : "शुडंट वी पुट द फोटोज इन?"
मार्क : "वी कुड, आय सपोज."
मॅडम : "राइट, मूव्हिंग ऑन टु द ग्राफ्स..."
मी सी लिहिलं. उत्तर ए दिलंय.

आता २१ आणि २२ मध्ये मी कुठं घसरलो ते थोडंफार दिसतंय, पण २३ चं मला अजून पटलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे ऐकताना हे पकडायचं कसं? एकदाच ऐकायला मिळतं.

शेंगाचटणी
सोप्पंय की भावा. 'बट' आला की कान टवकारायचे, बटच्या आधीचं सगळं सोडून द्यायचं आणि बटच्या नंतरचं तेच त्या माणसाचं मत. तुझ्या २१ मध्येच बघ, मार्क म्हणतो वरीड होतो, बट लोकांनी आनंदानं भरला, म्हणजे त्याचं मत लांब नव्हता असं. मला लिसनिंगला ७.५ होते, एवढ्या एका ट्रिकवर.

होटगीरोडकर
@शेंगाचटणी २१ ला लागू होतंय, मान्य. पण दुसऱ्या एका टेस्टमध्ये मुलगी म्हणते की ते सॉफ्टवेअर महाग आहे, बट सगळे वापरतात आणि शिकायला सोपं आहे, आणि मग म्हणते "नो, आय'म स्टिल नॉट कन्व्हिन्स्ड". तुझ्या नियमाने गेलो तर तिला सॉफ्टवेअर पसंत. उत्तर उलटं होतं.

शेंगाचटणी
असं एखादं असतं, पण दहापैकी आठ वेळा चालतंय.

सातरस्ता_मॅडम
मी ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायचे, निवृत्तीनंतर घरी या परीक्षेसाठी मुलं येतात, ११ वर्षं झाली. होटगीरोडकर, तुम्ही उदाहरणं जशीच्या तशी दिली त्यामुळे नीट बोलता येतंय.

तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. २१ मध्ये 'टू लाँग' हे शब्द मार्कच्या तोंडातून आले म्हणून तुम्ही मार्क लिहिलं. २२ मध्ये 'बेस्ट पार्ट' मार्क बोलला म्हणून पुन्हा मार्क. म्हणजे विधानाशी जुळणारा शब्द ज्याने उच्चारला त्याच्या नावावर तुम्ही मत टाकून मोकळे होता. पेपर काढणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो शब्द मुद्दाम दुसऱ्याच्याच तोंडी घालतात. रीनाला मुळात फॉर्म लांब वाटतो, पण ती 'लाँग' हा शब्द एकदाही वापरत नाही. ती म्हणते निम्म्या लोकांनी दुसऱ्या पानावर सोडून दिला, मी तर कापूनच टाकीन. मत तिचं, शब्द मार्कचा.

शब्द उच्चारणं वेगळं आणि ते मत असणं वेगळं. माणूस दुसऱ्याचं सांगत असेल, जसं रीना फ्लॅटमेटचं सांगते. स्वतःचंच पण जुनं सांगत असेल, जसं मार्क 'आय वॉज वरीड' म्हणतो. तिथला 'वॉज' ऐका, काळजी होती, आता नाही. 'आय यूज्ड टु थिंक', 'ॲट फर्स्ट आय थॉट', 'आय वॉज गोइंग टु से' हे सगळं त्याच घरातलं, पुढे मत फिरणार याची वर्दी.

'बट'चा नियम म्हणून अर्धाच चालतो. मत फिरवायला 'बट' लागतोच असं नाही, आणि 'बट' नंतर माणूस पुन्हा मूळ जागी येऊ शकतो, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीसारखा. शेवटी तो कुठे थांबला ते बघायचं.

जर्मनीला_जायचंय
मी नर्स आहे, इथल्याच एका हॉस्पिटलला. माझं पण सेम होतंय, रेडिओवरची चर्चा असते, एक मॉडरेटर आणि दोन पाहुणे, आणि आठ वाक्यं कोण म्हणालं ते लावायचं. पण आम्हाला दोनदा ऐकवतात, पहिल्यांदा मी फक्त आवाज ओळखते आणि दुसऱ्यांदा उत्तरं लिहिते. तुम्ही पण तसं करा ना, पहिल्यांदा काही लिहूच नका.

पुण्यातला_सोलापूरकर
ताई तुमची गोएथेची बी१ आहे ना, जर्मन. हा आयईएलटीएसबद्दल विचारतोय, तिथं एकदाच वाजतं आणि विषय संपला. पहिल्यांदा नाही लिहिलं तर दहाच्या दहा गेले.

जर्मनीला_जायचंय
हो हो सॉरी, मी लिसनिंग आणि कोण काय म्हणतंय एवढंच वाचून लिहिलं. तरी एक विचारते, आमच्यात मॉडरेटरचं पण उत्तर असतं, मॉडरेटर कधीकधी स्वतःचं मत बोलून जातो. तुमच्यात मॅडम बोलतात त्याचं काय करायचं, सोडून द्यायचं?

सातरस्ता_मॅडम
चांगला प्रश्न आहे, याचाही घोळ होतो. विधानांच्या वर लिहिलेली सूचना वाचायची. तिथे फक्त दोन विद्यार्थी असतील तर मॅडमचं मत कधीच उत्तर नसतं, पण मॅडम बोलल्यावर विद्यार्थ्याने काय केलं ते उत्तर असू शकतं. मॅडम म्हणाल्या ४० लोक कमी नाहीत का, आणि मार्क म्हणाला "आय सी व्हाय यू'ड से दॅट, बट फॉर अ पायलट इट्स फाइन", तर लोक कमी होते हे मत मॅडमचं आणि पुरेसे होते हे मार्कचं. 'आय सी व्हाय यू'ड से दॅट' ही संमती नाही. आपण नाही का म्हणत, "तुझं बरोबर आहे रे, पण". ते ऐकल्याबरोबर आपल्याला कळतं की पुढे नकार येतोय.

अशोकचौक_७
मॅडम भारी सांगालाय. माझं घर पूर्व भागात, घरी तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड. मला वाटायचं इंग्रजी चौथी भाषा म्हणून मला जड जातंय. पण जड जाणारी जागा वेगळीच निघाली, रीनाचं ते 'सो वुड आय'. तीन बारके शब्द, इतके पटकन जातात की श्वास घेतला तरी राहून जातील, आणि अख्खं उत्तर बी चं सी होतं त्याच्यावर.

असले अजून कुठले आहेत? मी वहीत लिहून ठेवतो.

सातरस्ता_मॅडम
'सो वुड आय', 'सो डिड आय', 'नीदर डिड आय', 'मी नीदर' हे होकाराचे. 'नीदर' मध्ये नकार ऐकू येतो म्हणून मुलं विरोध समजतात, पण समोरच्याच्या नकाराला तो होकार असतो. 'टेल मी अबाउट इट' याने तर दरवर्षी कोणीतरी फसतं. मुलांना वाटतं तो माहिती विचारतोय, आणि तो म्हणत असतो की अगदी खरं, मलाही तोच अनुभव. 'यू कॅन से दॅट अगेन' पण तसलंच.

विरोधाचे शब्द फार सौम्य असतात. इंग्रजीत या संभाषणांमध्ये कोणी सरळ 'आय डिसअग्री' म्हणत नाही. 'आर यू शुअर?', 'डू यू थिंक सो?', 'आय डोंट नो अबाउट दॅट', किंवा तुमच्या २१ मधलं 'डिड दे?'. दोन शब्दांचा प्रश्न, पण तिथेच रीना वेगळी झाली. 'आय डोंट नो अबाउट दॅट' म्हणजे माहीत नाही असं नव्हे, मला पटत नाही.

यादी पाठ करून मात्र उपयोग नाही अशोकचौक, एका वेळी दोनतीनच घ्या आणि ती खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये शोधा.

होटगीरोडकर
मॅडम खूप आभार. 'डिड दे?' मी अक्षरशः ऐकलंच नव्हतं, आत्ता परत लावून ऐकलं तर आवाज वर जातो तिथं. आता लिहायचं कसं ते सांगा ना. मी विधान वाचतो, मत ऐकतो, लगेच अक्षर टाकतो, आणि तेवढ्यात दुसरा काहीतरी बोलून जातो.

सातरस्ता_मॅडम
लगेच अक्षर टाकणं हीच चूक. असं करा. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. त्यात प्रत्येक विधानापुढे दोन छोट्या जागा ठेवा, एक री ची आणि एक मा ची. प्रत्येक विधानातला एकच शब्द अधोरेखित करा, ज्याच्यावरून विषय आला हे कळेल, फॉर्म, मुलाखती, फोटो. मत सांगणारा शब्द अधोरेखित करू नका, नाहीतर कान त्याच शब्दाची वाट बघत बसतात आणि तो नेमका चुकीच्या तोंडून येतो.

मग ऐकताना अक्षर नाही, फक्त खुणा. पटलं तर अधिक, नाही पटलं तर उणे, डळमळीत असेल तर प्रश्नचिन्ह. खूण बदलली तर आधीची खोडायची. तुमच्या २१ ला मार्कपुढे आधी अधिक पडेल, वाक्य संपेपर्यंत ती खोडून उणे. मग रीनापुढे अधिक. २२ ला फ्लॅटमेटचं वाक्य येतं तेव्हा रीनाची जागा रिकामीच राहील कारण ती स्वतःचं काही बोललीच नाही. मार्क अधिक, आणि 'सो वुड आय' ला रीना अधिक. दोन अधिक म्हणजे सी. अक्षर टाकायचं ते विषय बदलल्यावर. विषय बदलला हे 'राइट', 'ओके, सो व्हॉट अबाउट', 'मूव्हिंग ऑन' याने कळतं, आणि प्रश्न रेकॉर्डिंगच्या क्रमानेच येतात, त्यामुळे पुढचं विधान कोणतं हे शोधावं लागत नाही.

आणि आवाज. सुरुवातीला निवेदक सांगतो कोण कोण बोलणार, आणि पहिल्या दोनचार वाक्यांत बहुतेक वेळा ते एकमेकांना नावाने हाक मारतात. तेवढ्यात आवाज आणि नाव जोडून टाकायचं. तिथे लक्ष चुकलं की पुढे दहाही प्रश्नांना मागे धावावं लागतं.

पुण्यातला_सोलापूरकर
मी कॉम्प्युटरवर दिली म्हणून एक भर घालतो. स्क्रीनवर अशा खुणा नाही करता येत. पण कागद पेन्सिल देतात, त्याच्यावर २१ ते २५ आकडे आणि री मा आधीच लिहून घ्यायचं. आणि कागदावरच्या परीक्षेत शेवटी १० मिनिटं मिळतात उत्तरं उतरवायला, कॉम्प्युटरवर फक्त २ मिनिटं तपासायला. म्हणजे खुणांवरून अक्षर नंतर निवांत टाकू असं म्हणालास तर वेळ नाही पुरत, पार्ट संपला की लगेच टाकून मोकळं व्हायचं.

अजून एक, ६.५ म्हणजे तू फार लांब नाहीस. ४० पैकी साधारण ३० ला ७ येतात. पार्ट ३ मध्ये दोनतीन वाढले तरी जमून जाईल. कॉम्प्युटरवर दिली असशील तर ६० दिवसांच्या आत नुसतं लिसनिंग परत देता येतं, फक्त तुझी युनिव्हर्सिटी तसला रिझल्ट घेते का ते आधी मेल करून विचार.

होटगीरोडकर
कॉम्प्युटरवरच दिली होती. मेल करतो.

पण २३? फोटोवालं? त्याचं कोणीच बोललं नाही अजून.

शेंगाचटणी
त्यात काय, 'वी कुड' म्हणाला ना मार्क, म्हणजे हो म्हणाला. सी च पाहिजे. उत्तर छापताना चुकलंय.

सातरस्ता_मॅडम
मला ए बरोबर वाटतं. रीना 'शुडंट वी' म्हणते, तो नुसता प्रश्न नाही, ती सुचवतेय, म्हणजे तिचं मत ठरलेलं आहे. मार्कचं 'वी कुड, आय सपोज' म्हणजे आपल्याकडचं "बघू". वडिलांना विचारलं की गाडी घ्यायची का आणि ते म्हणाले बघू, तर घरात कोणाच्याही मनात शंका राहत नाही की गाडी येणार नाही. 'कुड' म्हणजे टाकता येतील, 'शुड' म्हणजे टाकावेत. विधानात टाकावेत आहे.

अशोकचौक_७
मॅडम इथं मी थोडा वेगळा आहे. 'आय सपोज सो' ला आमच्या पुस्तकात होकार धरलाय, नाखुशीचा का होईना पण होकार. मार्क 'नॉट रियली' म्हणाला नाही, 'इफ यू वाँट' पण म्हणाला नाही. आणि बघू चं म्हणाल तर आमच्या घरी आजी चूद्दाम म्हणते, तेलुगूत बघू, आणि निम्म्या वेळा ती खरंच करते. मग नकारच कसा धरायचा?

सातरस्ता_मॅडम
तुमचं म्हणणं चुकीचं नाही. 'आय सपोज सो' कडे नाखुशीचा होकार म्हणूनच बघतात. माझा कल 'कुड' मुळे ए कडे जातो, पण हा प्रश्न मी काढला असता तर इथे थांबले नसते. खऱ्या पेपरमध्ये अशा जागी मार्कच्या तोंडी अजून एक वाक्य असतं, "बट देअर'ज हार्डली रूम" किंवा "येस, दॅट'ड हेल्प", ज्याने निकाल लागतो. नुसत्या सुरावर किंवा एका 'सपोज' वर एक मार्क अडकवून ठेवत नाहीत. इथे मॅडम मध्ये पडून विषय बदलतात आणि मार्कचं वाक्य अर्धवट राहतं. सरावाच्या सेटमध्ये असं झालं की त्या प्रश्नावर रात्र घालवू नये.

होटगीरोडकर
म्हणजे २३ मोकळाच राहतो.

सातरस्ता_मॅडम
माझ्या मते ए, पण भांडणार नाही.

जर्मनीला_जायचंय
मॅडम ते अधिक उणेवालं मी काल रात्री ड्युटीनंतर माझ्या जर्मन ऑडिओवर करून बघितलं, तीन जागा केल्या, मॉडरेटर धरून. आठपैकी सहा आले, आधी चार यायचे. एक गोष्ट मात्र, तीन जागा सांभाळताना माझं ऐकणं मागे पडतं.

सातरस्ता_मॅडम
तीन असतील तर ज्याचं मत कमी वेळा येतं त्याची जागा ठेवू नका. दोघांची जागा रिकामी राहिली आणि मत तर ऐकू आलं, म्हणजे ते तिसऱ्याचं.

होटगीरोडकर
आज सकाळी नवीन सेट घेतला, खऱ्या जुन्या प्रश्नपत्रिकेचा. दोन विद्यार्थी, पक्ष्यांच्या गणनेचा प्रोजेक्ट. खुणा केल्या. २१ ते २६ मध्ये पाच आले. जो गेला त्यात मी खूण बरोबर केली होती, मुलीपुढे अधिक खोडून उणे, पण अक्षर टाकताना खोडलेलीच खूण वाचली. आता खोडायच्या ऐवजी नवीन खूण उजवीकडे लिहितो आणि सगळ्यात उजवीकडचीच धरतो. शिवाय तो मुलगा एका जागी 'टेल मी अबाउट इट' म्हणाला आणि मी पहिल्यांदा ते जागच्या जागी पकडलं.

२७ ते ३० मात्र वेगळे निघाले, तिथं कोणाचं मत ते विचारलेलंच नाही, पाचातून दोन निवडा असं दोनदा आहे, आणि दोघंही कशावर सहमत झाले ते. तिथं दोन आले फक्त. त्याला पण हीच री मा ची पद्धत चालते का?

सातरस्ता_मॅडम
चालते, फक्त तिथे विधानांपुढे नाही तर पाचही पर्यायांपुढे दोन दोन जागा करायच्या, आणि ते पर्याय रेकॉर्डिंगच्या क्रमाने येतीलच असं नाही. तुमच्या त्या सेटचे दोन चुकलेले पर्याय इथे लिहा, ऐकलं तसं, मग बघू. आणि हे बघू म्हणजे खरंच बघू.